गर्भाशय प्रत्यारोपणाचा इतिहास 'पहिल्यां'ची यादी नव्हे #थ्रेड

१/
गर्भाशय प्रत्यारोपणातून कुठे मूल जन्माला आले की एक कालपट समाजमाध्यमांवर फिरू लागतो. ड्रेस्डेन १९३१, जेद्दा २०००, अंतल्या २०११, गोथेनबर्ग २०१४, पुणे २०१७. प्रत्येक सालापुढे 'जगातील पहिले', 'आशियातील पहिले', 'भारतातील पहिले' अशी बिरुदे लावलेली असतात. या यादीला माझा आक्षेप आहे. ती साफ खोटी आहे असे मी म्हणत नाही, पण ती इतिहास म्हणून खपवली जाते आणि त्या नादात या शस्त्रक्रियेतली एक अख्खी व्यक्ती गायब होते. शस्त्रक्रियेच्या दोन टेबलांपैकी एका टेबलावर झोपलेली ती स्त्री, जिचे गर्भाशय काढले जाते.

२/
आधी हे सारे कोणासाठी चालले आहे ते पाहू. सुमारे साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक मुलगी गर्भाशयाविना जन्मते. योनीचा वरचा भागही बहुधा घडलेला नसतो. बीजकोश मात्र असतात, आणि ते नीट काम करतात. त्यामुळे वयात येताना शरीरात होणारे बदल इतर मुलींसारखेच होतात, फक्त पाळी येत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी आई डॉक्टरकडे घेऊन जाते आणि सोनोग्राफीत ही गोष्ट कळते. स्वतःची बीजांडे आहेत, पण ती रुजायला जागा नाही, अशी ही अवस्था.

३/
वैद्यकात या अवस्थेला चार पुरुषांची नावे जोडून ओळखतात : मायर, रोकितान्स्की, क्यूस्टर, हाउझर. मायरचे वर्णन १८२९ चे, व्हिएन्नाच्या रोकितान्स्कीचे १८३८ चे, क्यूस्टरचे १९१० चे आणि हाउझरचे १९६१ चे. म्हणजे नाव पूर्ण व्हायलाच सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. या सर्व काळात वैद्यकाने त्या स्त्रीला निदान दिले. मूल होण्याच्या दृष्टीने त्याहून अधिक काहीही दिले नाही. ही पार्श्वभूमी ध्यानात न घेता 'कशाला हवेत असले उपद्व्याप' असे विचारणाऱ्यांविषयी पुढे बोलेन.

४/
ड्रेस्डेनचा उल्लेख यादीतून काढूनच टाकावा असे माझे मत आहे. लिली एल्बे या डॅनिश चित्रकर्त्रीवर १९३०-३१ मध्ये तिथे शस्त्रक्रिया झाल्या आणि सप्टेंबर १९३१ मध्ये तिचा मृत्यू झाला. शेवटच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय बसवले गेले, ही कथा मुख्यतः तिच्या जीवनकथेवरच्या पुस्तकातून आणि त्यावर पोसलेल्या लेखनातून चालत आली आहे. ते शस्त्रक्रियेचे टिपण नव्हे. शिवाय परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून द्यावयाची औषधे तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ साली बोस्टनला झाले, तेही एकसारख्या जुळ्या भावांत, म्हणूनच ते टिकले. एका स्त्रीच्या शोकांतिकेला 'पहिले' हे पदक चिकटवून आपण ना तिला न्याय देतो, ना इतिहासाला.

५/
जेद्दाकडे मात्र नीट थांबून पाहिले पाहिजे. ६ एप्रिल २००० रोजी वफा फकीह यांच्या चमूने तिथे २६ वर्षांच्या एका स्त्रीवर हे प्रत्यारोपण केले. ती गर्भाशयाविना जन्मलेली नव्हती. सहा वर्षांपूर्वी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावामुळे तिचे गर्भाशय काढावे लागले होते. दात्री ४६ वर्षांची होती. दात्रीच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आखूड पडत होत्या, म्हणून पायातल्या शिरेचे तुकडे जोडून त्या लांबवण्यात आल्या. संप्रेरके दिल्यावर दोनदा रक्तस्राव झाला, म्हणजे अस्तर जिवंत होते. ९९ व्या दिवशी रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन गर्भाशय काळवंडले आणि काढून टाकावे लागले. डॉक्टरांनी दिलेले कारण यांत्रिक स्वरूपाचे होते : गर्भाशयाला पुरेसा आधार नव्हता, ते खाली सरकले आणि रक्तवाहिन्यांना ताण व पीळ बसला.

६/
हा वृत्तान्त २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काय चुकले ते स्पष्ट लिहिले होते, हे फकीह यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. कारण पुढच्या सर्वांनी त्या चुकीवरूनच धडा घेतला : रक्तवाहिन्या लांब घ्यायच्या, शिरेचे ठिगळ टाळायचे आणि गर्भाशय स्नायुबंधांनी भक्कम बांधायचे. कालपटात यातले काही येत नाही. तिथे फक्त 'पहिले' हा शब्द उरतो.

७/
या शब्दाचा जोडीदार म्हणजे 'यशस्वी'. अंतल्या येथे ओमर ओझकान यांच्या चमूने ऑगस्ट २०११ मध्ये एका मृत दात्रीचे गर्भाशय २१ वर्षांच्या, गर्भाशयाविना जन्मलेल्या युवतीला बसवले. लगेच 'जगातील पहिले यशस्वी' असा गजर झाला. २०१३ मध्ये गर्भ राहिला, पण टिकला नाही. मूल जन्माला आले ते २०२० मध्ये. मूत्रपिंडाने लघवी तयार केली की मूत्रपिंड यशस्वी, असे म्हणता येते. गर्भाशयाचे काम पाळी आणणे एवढेच असते का? टाके जुळले या दिवशी यश मोजायचे की मूल घरी गेले त्या दिवशी, या एका प्रश्नाने संपूर्ण यादीचा क्रम उलटापालटा होतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी पत्रकार परिषद घेणाऱ्यांना हा प्रश्न आवडत नाही.

८/
आता गोथेनबर्ग. स्वीडनमधल्या या शहरातले मॅट्स ब्रेनस्ट्रॉम यांना ही कल्पना १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात असताना एका रुग्णेने सुचवली. कर्करोगामुळे तिचे गर्भाशय काढायचे होते आणि तिने विचारले की दुसऱ्याचे बसवता येणार नाही का. परत आल्यावर त्यांनी १९९९ मध्ये काम सुरू केले. पहिल्या स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली २०१२ च्या सप्टेंबरात. मधली तेरा वर्षे उंदीर, डुक्कर, मेंढी आणि बबून यांच्यावरच्या प्रयोगांत गेली. इतिहासाच्या दृष्टीने मला हीच तेरा वर्षे महत्त्वाची वाटतात. त्यांना कोणतेही 'पहिले' मिळाले नाही, मधल्या काळात अंतल्याने बाजीही मारली. पण जेद्दाला जे एका बाईच्या शरीरावर शिकावे लागले ते इथे आधी जनावरांवर शिकले गेले.

९/
एवढा वेळ लागण्याचे कारण शरीररचनेत आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय दात्रीचा धोका कळणार नाही. दरवर्षी असंख्य स्त्रियांचे गर्भाशय काढले जाते. ते काम सहसा एक-दोन तासांत आटोपते. तिथे गर्भाशय टाकून द्यायचे असते, म्हणून शल्यचिकित्सक रक्तवाहिन्या गर्भाशयाला अगदी लागून कापतो. प्रत्यारोपणात ते जिवंत न्यायचे असते, म्हणून धमन्या आणि शिरा खोल ओटीपोटाच्या कडेपर्यंत सोडवत जावे लागते. नेमक्या याच वाटेत मूत्रवाहिनी आडवी येते. गर्भाशयाची धमनी तिच्यावरून जाते, आणि कागदासारख्या पातळ भिंतींच्या शिरा तिला बिलगून असतात. शीर फाटली तर रक्तस्राव, मूत्रवाहिनी दुखावली तर मूत्र गळती.

१०/
गोथेनबर्गला दात्रीची शस्त्रक्रिया दहा ते तेरा तास चालली. गर्भाशय ग्रहण करणाऱ्या स्त्रीची चार ते सहा तास. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जिला काहीही मिळायचे नाही ती दुप्पट वेळ भुलीखाली. एका दात्रीच्या मूत्रवाहिनी आणि योनीमध्ये छिद्र पडून मूत्र झिरपू लागले आणि त्यासाठी तिच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तिच्याविषयी तुम्ही कधी बातमी वाचली आहे काय?

११/
सप्टेंबर २०१२ ते एप्रिल २०१३ या काळात नऊ स्त्रियांवर प्रत्यारोपण झाले. आठ जणी गर्भाशयाविना जन्मलेल्या, एकीचे कर्करोगामुळे काढलेले. दात्री सर्व जिवंत : पाच जणींच्या बाबतीत सख्खी आई, इतरांत बहीण, मावशी, सासू आणि कुटुंबाची एक मैत्रीण. सासूने सुनेला गर्भाशय दिले ही गोष्ट आपल्याकडच्या मालिकालेखकांच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे. नऊपैकी दोन गर्भाशये काढावी लागली, एक गुठळीमुळे अवघ्या काही दिवसांत, दुसरे संसर्गामुळे काही महिन्यांनी. उरलेल्या सात जणींना पाळी सुरू झाली. पुढच्या वर्षांत सहा जणींना मिळून नऊ मुले झाली.

१२/
त्यातला पहिला जन्म सविस्तर सांगण्याजोगा आहे. स्त्री ३५ वर्षांची, जन्मतः गर्भाशय नाही आणि मूत्रपिंडही एकच. या अवस्थेत असे बऱ्याचदा आढळते, कारण गर्भावस्थेत हे दोन्ही अवयव शेजारी शेजारी घडत असतात. दात्री ६१ वर्षांची, दोन मुलांची आई, पाळी जाऊन सात वर्षे झालेली कुटुंबाची मैत्रीण. प्रत्यारोपणापूर्वीच आयव्हीएफ करून अकरा भ्रूण गोठवून ठेवले होते. हा क्रम मुद्दाम असा ठेवतात. भ्रूणच तयार होत नसतील तर दोन स्त्रियांना शस्त्रक्रियेत लोटण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेनंतर ४३ व्या दिवशी तिला आयुष्यातली पहिली पाळी आली. पाळी गेलेल्या बाईचे गर्भाशय तरुण स्त्रीच्या संप्रेरकांवर पुन्हा चालू झाले. गर्भाशय म्हातारे होते ते मुख्यतः बीजकोशांमुळे, हे यातून डोळ्यांपुढे आले.

१३/
वर्षभर वाट पाहून एकच भ्रूण सोडला आणि गर्भ राहिला. त्या काळात शरीराने अवयव नाकारण्याचे तीन सौम्य प्रयत्न केले, त्यातला एक गरोदरपणात. तिन्ही वेळा स्टेरॉइड देऊन ते शमवले. आता प्रश्न असा की नाकारणे ओळखायचे कसे? मूत्रपिंड नाकारले जाऊ लागले की रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढते. गर्भाशयाला अशी भरवशाची रक्ततपासणी नाही. ताप येत नाही, दुखत नाही, कारण मज्जातंतू जोडलेलेच नसतात. म्हणून ठरलेल्या दिवशी गर्भाशयमुखाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, लक्षण असो वा नसो. पुन्हा पुन्हा. 'चमत्कार' या शब्दात हे कंटाळवाणे, निमूटपणे सोसायचे वेळापत्रक मावत नाही.

१४/
३१ आठवडे आणि ५ दिवस झाले तेव्हा तिचा रक्तदाब चढला आणि गर्भविषबाधेचे निदान झाले. बाळाच्या ठोक्यांचा आलेख बिघडू लागला म्हणून सिझेरियन केले. सप्टेंबर २०१४ मध्ये जन्मलेला तो मुलगा १,७७५ ग्रॅमचा होता, दिवसांच्या मानाने ठीक. प्रसूती नेहमी सिझेरियननेच करावी लागते, कारण जोडलेल्या रक्तवाहिन्या आणि योनीचा सांधा कळांचा जोर कितपत सोसेल याची खात्री नसते. बीजवाहिन्याही जोडलेल्या नसतात, त्यामुळे नैसर्गिकपणे गर्भ राहू शकत नाही. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर हवाच.

१५/
आणि एक किंवा दोन मुले झाली की ते गर्भाशय काढून टाकतात. प्रत्यारोपणाच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट निराळी आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय आयुष्यभर टिकावे म्हणून बसवतात. हा अवयव ठराविक मुदतीसाठी बसवतात. कारण तो टिकवायला टॅक्रोलिमससारखी औषधे अखंड घ्यावी लागतात. ती प्रतिकारशक्ती दडपतात आणि मूत्रपिंडाला हळूहळू इजा करतात. एकच मूत्रपिंड घेऊन जन्मलेल्या बाईला हे आयुष्यभर कसे परवडेल? म्हणून हिशेब असा : प्रत्यारोपण, एक किंवा दोन सिझेरियने आणि शेवटी गर्भाशय काढणे. एका निरोगी स्त्रीच्या पोटावर किमान तीन मोठ्या शस्त्रक्रिया. निरोगी हा शब्द मी जाणून वापरतो, कारण गर्भाशय नसल्याने कोणाचा जीव जात नाही.

१६/
या शस्त्रक्रियेला 'प्रयोग' म्हणतात ते याचसाठी. डॅलसच्या बेलर रुग्णालयाने २०२४ मध्ये आपल्या वीस प्रत्यारोपणांचा हिशेब प्रसिद्ध केला. चौदा गर्भाशये टिकली, सहा गेली. टिकलेल्या चौदाही जणींना किमान एक मूल झाले, हे खरोखरच मोठे फलित आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे : अठरा जिवंत दात्रींपैकी चौघींना पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तत्सम हस्तक्षेप करावा लागेल इतकी गंभीर गुंतागुंत झाली. अठरांत चार. बातम्यांनी 'चौदा बाळे' उचलली. चौघींचा आकडा इंग्रजी बातम्यांच्या तळाशी राहिला, मराठीत तर तो मला दिसलाच नाही.

१७/
आता पुणे. १८ मे २०१७ रोजी गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने भारतातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. गर्भाशयाविना जन्मलेल्या २१ वर्षांच्या मराठी मुलीला तिच्या आईचे गर्भाशय मिळाले. दुसऱ्या दिवशी आणखी एक शस्त्रक्रिया झाली, त्यातही दात्री आईच. पुण्याच्या चमूने दात्रीची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. गोथेनबर्गची उघडी शस्त्रक्रिया आठवली तर यामागचा विचार चांगलाच होता : चीर लहान, खोलवरचे दृश्य मोठे, दात्री लवकर उठते. पुढे इतर देशांतले चमूही दुर्बीण आणि रोबॉटकडे वळले. दात्रीचा त्रास कमी करण्याच्या दिशेने पुण्याने लवकर पाऊल टाकले हे मान्य केले पाहिजे.

१८/
मग भांडण कशाशी? भाषेशी. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात १,४५० ग्रॅमची मुलगी जन्मली. तिची आई गुजरातची, आणि तिला जन्मतः गर्भाशय होते. ते आतून चिकटून निकामी झाले होते. तेव्हाचे मथळे आठवून पाहा. ज्या कुशीत आई वाढली त्याच कुशीत लेक वाढली, आईने लेकीला मातृत्वाचे दान दिले, आजीच्या गर्भातून नात. हे वाचायला गोड आहे. पण या गोडव्याने एक फार कठीण प्रश्न झाकला जातो : ती आई 'नाही' म्हणू शकली असती का?

१९/
घरातले दृश्य डोळ्यांपुढे आणा. मुलगी गर्भाशयाविना जन्मली. आपल्याकडे आईच्या मनात आधीच सल असतो की माझ्याच पोटी असे कसे घडले. शेजारीपाजारी आणि सासरचे तो सल रोज जागा ठेवतात. अशा आईला डॉक्टर विचारतात, तुम्ही द्याल का? पाळी जाऊन ते गर्भाशय 'असेही बिनकामाचे' असल्याचे सगळेच सांगतात. यानंतर वर्तमानपत्र तिच्या त्यागाचे गोडवे गाते. ज्या गोष्टीला समाज आधीच त्याग म्हणून पूजतो ती नाकारण्याचा अधिकार कागदावर असून काय उपयोग? डॅलसच्या अठरांपैकी बहुतेक दात्री स्वतःहून पुढे आलेल्या, घेणारीला न ओळखणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी एखादी आदल्या रात्री मागे हटली असती तरी तिला आयुष्यभर त्याच मुलीच्या समोर बसून जेवायचे नव्हते.

२०/
यावर एक प्रामाणिक प्रत्युत्तर असते, आणि ते टाळण्याचे कारण नाही. आई सज्ञान आहे, मूत्रपिंड देते तेव्हा कोणी तिला अडवत नाही, मग इथेच तिच्या संमतीवर संशय का? हा संशय आईची बुद्धी कमी लेखणारा नाही काय? मला वाटते फरक तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आहे. मूत्रपिंड दिले नाही तर मुलीला डायलिसिसवर दिवस काढावे लागतात किंवा तिचा जीव जातो. तिथे आईने पत्करलेल्या धोक्यासमोर लेकीचे प्राण असतात. इथे धोका तसाच, शस्त्रक्रियेचा वेळ उलट अधिक, आणि समोर लेकीची तीव्र, न्याय्य, पण जीवनमरणाची नसलेली इच्छा. अशा वेळी संमती घेण्याची पद्धत अधिक कडक हवी. घेणारीच्या डॉक्टरांशी संबंध नसलेला, फक्त दात्रीच्या बाजूने बोलणारा माणूस हवा, आणि तिने नकार दिला तर 'वैद्यकीय कारणास्तव अपात्र' एवढेच घरी सांगण्याची सोय हवी. जिवंत दात्यांच्या बाबतीत ही पळवाट अनेक देशांतल्या प्रत्यारोपण केंद्रांना चांगली ठाऊक आहे.

२१/
दुसरी वाटही आहे. साओ पावलोमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये दानी एइझेनबर्ग यांच्या चमूने मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत झालेल्या ४५ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय ३२ वर्षांच्या, गर्भाशयाविना जन्मलेल्या स्त्रीला बसवले. त्याआधी मृत दात्रीकडून दहा प्रयत्न झाले होते आणि एकातूनही मूल जन्मले नव्हते. इथे गर्भाशय सुमारे आठ तास रक्ताविना राहूनही टिकले. १५ डिसेंबर २०१७ रोजी अडीच किलोची मुलगी जन्मली आणि त्याच सिझेरियनमध्ये गर्भाशय काढून टाकले, म्हणजे औषधे लगेच थांबली आणि एक शस्त्रक्रिया वाचली. मृत दात्रीत मूत्रवाहिनी जपण्याचा प्रश्नच उरत नाही. हव्या तेवढ्या लांब रक्तवाहिन्या घेता येतात. कोणाची आई तेरा तास टेबलावर नसते. तोटा एवढाच की वेळ आपल्या हातात नसते आणि मेंदूमृत दात्यांची संख्या भारतात फार तोकडी आहे. पण ती तोकडी आहे याचा भुर्दंड आईने का भरावा?

२२/
नकाशा पाहिला तर या इतिहासाचे आणखी एक कारण दिसते, जे कालपटात कधीच नसते. सौदी अरेबियात सरोगसी धर्मदृष्ट्या अमान्य, तुर्कस्तानात कायद्याने बंद, स्वीडनच्या आरोग्यव्यवस्थेत तिला जागा नाही. या संशोधनाचे तीन आरंभीचे मुक्काम नेमके हेच. अमेरिका, ब्राझील, भारत या चौकटीत बसत नाहीत, म्हणून हा नियम मानू नये. पण दुसऱ्या बाईची कूस उसनी घेता येत नव्हती तिथे ती कापून आणण्याचा विचार आधी रुजला, एवढे खरे.

२३/
भारतात दुसरी वाट कायद्याने आहे. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार गर्भाशय नसणे हे मान्य कारण आहे. मार्च २०२३ मध्ये नियम बदलून दात्याच्या बीजांडाला बंदी आली, तेव्हा अशाच एका गर्भाशयाविना जन्मलेल्या स्त्रीने सर्वोच्च न्यायालय गाठले. तिच्या बीजकोशांत बीजांडेही तयार होत नव्हती. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिला दिलासा दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमच सैल झाला. या लढ्याची बातमी मराठीत किती जणांनी वाचली? त्यात दुर्बीण नव्हती, 'आशियातील पहिले' नव्हते.

२४/
'दत्तक घ्या की' असा शेरा खाली येणारच, म्हणून आताच सांगतो. ज्यांना सहज मूल झाले त्यांना दत्तक का घेतले नाही असे आपण विचारत नाही. मग गर्भाशयाविना जन्मलेल्या बाईवरच ही समाजसेवा का लादायची? तिची इच्छा खरी आहे, आणि या प्रयोगात स्वतःचे शरीर घालण्याचा निर्णय तिचाच असला पाहिजे. माझी तक्रार दुसऱ्या टेबलाविषयीची आहे.

२५/
सरोगसी कायद्यात कूस उसनी देणाऱ्या स्त्रीविषयी बारीक तरतुदी आहेत. तिचे वय २५ ते ३५ हवे, तिला स्वतःचे मूल हवे, आयुष्यात एकदाच ती सरोगेट होऊ शकते, आणि तिच्या नावे ३६ महिन्यांचा विमा काढावा लागतो. कूस कायमची काढून देणाऱ्या स्त्रीसाठी मात्र १९९४ चा सर्वसाधारण अवयव प्रत्यारोपण कायदा तेवढा आहे. त्यात आई आणि बहीण 'जवळच्या नातलग' ठरतात, म्हणून त्यांची वाट सोपी. गोथेनबर्गच्या त्या ६१ वर्षांच्या मैत्रिणीला, मावशीला किंवा सासूला आपल्याकडे परवानगी समितीसमोर उभे राहावे लागले असते. म्हणजे जिला नकार देणे सर्वांत कठीण, तिच्याकडूनच घेणे आपल्या कायद्याने सर्वांत सोपे केले आहे. शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने, पाच वर्षांनी ती कशी आहे, तिची मूत्रवाहिनी शाबूत आहे का, हे गर्भाशयापुरते वेगळे नोंदवून जाहीर करण्याची सक्ती या कायद्यात कुठेही नाही. पुढचे 'पहिले' जाहीर होईल तेव्हा पत्रकार परिषदेत बाळाचे वजन विचारणाऱ्यांनी दात्री किती तास टेबलावर होती हेही विचारावे.